मारव्यात षड्ज लागला की अंगावर काटा का येतो?

सांजवेळ

संध्याकाळी कणीक मळताना मारवा लावायची सवय लागली आहे. अमीर खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका, ज्यांना मारवा आवडतो त्यांच्याकडे बहुधा असतेच. विलंबितात ते कोमल रिषभ आणि धैवत यांच्यातच रेंगाळत राहतात. षड्जाच्या जवळ येतात, वळसा घालून परत जातात. आणि मग कधीतरी षड्ज लागतो. आवाज चढवलेला नसतो, उलट अगदी अलगद ठेवलेला असतो. त्या क्षणी मानेपासून दंडापर्यंत सरसरून काटा येतो.

चांगलं गाणं ऐकून काटा येतो हे सगळ्यांनाच माहीत आहे, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. "अनपेक्षित काही घडलं की शहारा येतो" असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. पण मला तर ही मुद्रिका पाठ आहे. षड्ज कुठे येणार हे मला कणकेचे हात असतानाही ठाऊक असतं. अनपेक्षित काहीच उरलेलं नाही. तरी काटा येतो, आणि तोही नेमक्या त्याच जागी. हे कसं काय? जाणकारांनी लिहावं.

ढोलवाला_पुणे

सोपं आहे ताई. आवाजाचा दाब. आमच्या पथकात साठ-सत्तर ढोल एकदम सुरू झाले की बघणाऱ्यांच्याच काय, वाजवणाऱ्यांच्याही अंगावर काटा येतो. छातीत हादरा बसतो, शरीराला वाटतं काहीतरी मोठं आलं, केस उभे. मांजराचे होतात तसे. बाकी राग वगैरे नंतरच्या गोष्टी.

सांजवेळ

पण मी फोनच्या स्पीकरवर ऐकते हो, आणि शेजारी कुकर असतो. दाब कसला आलाय त्यात!

फोंडेकर

आमच्या घरात स्टीलच्या ताटावर चमचा घासला की मला असाच काटा येतो. आणि दात आंबतात ते वेगळंच. त्याचं कारण कोणी सांगेल का? ह्याच धाग्यात बसेल असं वाटतंय.

खर्जातला

फोंडेकर, तुमचा काटा ताटावरून उठून पळून जायला सांगतो, सांजवेळ ताईंचा काटा रेकॉर्ड मागे नेऊन परत ऐकायला लावतो. कातडीवर दिसायला दोन्ही एकच, पण हा धागा दुसऱ्याचा आहे. 😀

आता मारव्याबद्दल. मी मिरजेत शिकवतो, त्यामुळे हा राग दर वर्षी कोणा ना कोणा पोरासमोर मांडावा लागतो, आणि दर वर्षी तीच अडचण येते. मारव्यात पंचम नाही. म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला लावता येत नाही, ती निषादाला किंवा धैवताला लावतात. मधली जोडी आणि खर्ज मात्र षड्जच बोलत असतात, अखंड. म्हणजे कान षड्जात बुडालेला आणि गळ्याला षड्जावर बसायची बंदी. गळा कुठे बसतो? कोमल रिषभावर आणि धैवतावर. कोमल रिषभ तर षड्जाच्या इतका अंगाला अंग लावून आहे की तिथे थांबणं म्हणजे उंबऱ्यावर उभं राहून घरात न शिरणं.

नवीन मुलाला हे जमत नाही. दोन आवर्तनांत तो षड्जावर येऊन बसतो, आणि मग मारवा संपतो. सूर सगळे बरोबर असतात, पण ऐकणाऱ्याला काहीही होत नाही. दुसरी चूक याच्या उलट. पोरगं षड्ज इतका टाळतं की धैवतच षड्ज वाटायला लागतो, ऐकणाऱ्याचा पायाच सरकतो. मग खरा षड्ज लागतो तेव्हा तो घरी आल्यासारखा न वाटता कुठलातरी परका सूर वाटतो. गवयाचं काम या दोन्हींच्या मधलं आहे. षड्ज विसरूही द्यायचा नाही आणि द्यायचाही नाही. मध्येच निषादावरून रिषभाला जाताना त्याला ओझरता स्पर्श करायचा, पण न्यास नाही.

अमीर खाँसाहेब हे इतक्या संथपणे करतात की ऐकणारा स्वतः मनातल्या मनात षड्ज लावायला लागतो. माझ्या मते काटा तिथे तयार होतो, षड्ज लागतो तेव्हा तो फक्त बाहेर पडतो.

न्यूरॉन_नाना

बुवांचं शेवटचं वाक्य वाचून खुर्चीत सरसावून बसलो, कारण जवळपास हेच एका प्रयोगशाळेने मोजलेलं आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळच वेळ आहे. जरा ऐसपैस लिहितो.

आधी कातडीचं. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू तिरका बांधलेला असतो. तो आवळला की केस उभा राहतो आणि मुळाभोवतीची कातडी फुगीर होते. हा स्नायू आपल्या हुकमातला नाही. त्याला अनुकंपी मज्जासंस्थेचे धागे येतात, ते नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात आणि तो आवळतो. थंडी, भीती आणि मारवा, तिघांनाही शेवटचा रस्ता हाच. ढोलवाले म्हणतात ते मांजर इथपर्यंत खरं आहे. मांजराला त्या उभ्या केसांचा उपयोग होतो, आपले केस इतके विरळ झालेत की उपयोग गेला, तार तेवढी उरली.

आता ती तार वरून कोण ओढतं? कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ब्लड आणि झटोरे यांनी २००१ साली एक काम केलं. त्यांनी स्वतः संगीत निवडलं नाही. प्रत्येकाला सांगितलं, ज्याने तुम्हाला हमखास शहारा येतो ते तुम्हीच आणा. आणि एकाने आणलेलं संगीत दुसऱ्याला तुलनेसाठी ऐकवलं. स्वतःच्या संगीताला शहारे आले, आणि तेव्हा मेंदूचे जे भाग जागे झाले ते जेवण, नशा, शरीरसुख यांच्या वेळी जागणारे. भीतीशी जोडलेला अमिग्डाला मात्र उलट शांत झाला. म्हणजे कातडीवर भीतीसारखं दिसत असलं तरी आत भीती नाही. ढोलवाल्यांचा हिशोब इथे अडतो.

पुढे २०११ साली त्याच शहरात व्हॅलोरी सालिमपूर आणि सहकाऱ्यांनी वेळ मोजली. बुवा, हे तुमच्यासाठी. आवडती जागा येण्याच्या आधी, नुसती चाहूल लागलेली असताना, मेंदूच्या खोल भागातल्या कॉडेट नावाच्या गाठीत डोपामिन सुटत होतं. प्रत्यक्ष शहाऱ्याच्या क्षणी ते शेजारच्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्समध्ये सुटत होतं. वाट बघणं आणि मिळणं यांची दोन वेगळी घरं निघाली. आणि वाट बघण्याचं घर रिकामं नव्हतं, तिथेही सुख चालूच होतं.

तेव्हा सांजवेळ ताई, पाठ असणं हा काट्याचा शत्रू नाही. पाठ आहे म्हणूनच तुम्हाला वाट बघता येते.

शंकासुर

नाना, नेहमीप्रमाणे माझं एक काम करतो. त्या २०११च्या अभ्यासात माणसं किती होती?

न्यूरॉन_नाना

आठ. २१७ जणांतून गाळून घेतलेली आठ, ज्यांना शहारा हमखास आणि मोजता येण्याजोगा येतो अशी.

शंकासुर

म्हणजे काटा येणारेच निवडले आणि मग सांगितलं की काटा असा येतो. शिवाय डोपामिन सेकंदासेकंदाला मोजता येत नाही. किरणोत्सारी पदार्थ टोचून करतात तो स्कॅन बराच वेळ चालतो, हे मला ठाऊक आहे, घरात एकाचा झालाय. मग "आधी इथे, नंतर तिथे" हे कुठून आलं?

न्यूरॉन_नाना

बरोबर पकडलंत. त्या स्कॅनमधून कुठे आणि किती एवढंच कळतं, कधी ते कळत नाही. म्हणून त्यांनी तीच माणसं, तेच संगीत, पण दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनरमध्ये, ज्याला वेळ बरीच बारीक कळते पण डोपामिन दिसत नाही, असं पुन्हा केलं. शहारा आला की बटण दाबायचं. मग दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले. जोड आहे, आणि जोड दिसतो.

पण पुढचा दुवा जास्त भक्कम आहे. २०१९ साली लॉरा फेर्रेरी आणि बार्सिलोनाच्या गटाने २७ जणांना वेगवेगळ्या वेळी तीन गोळ्या दिल्या. एक डोपामिन वाढवणारी लेव्होडोपा, एक डोपामिनला अडवणारी रिस्पेरिडोन, आणि एक नुसती पांढरी. कोणती कधी हे देणाऱ्यालाही माहीत नाही. लेव्होडोपावर संगीताचं सुख वाढलं, रिस्पेरिडोनवर कमी झालं. नुसतं "दोन्ही एकाच वेळी दिसतात" यापेक्षा हे पुढचं पाऊल आहे. तरीही डोपामिनच सगळं करतं असं मी म्हणणार नाही. १९८० साली गोल्डस्टीन यांनी अफूसारखी द्रव्यं अडवणारं औषध टोचून पाहिलं होतं, तेव्हा दहापैकी तिघांचे शहारे कमी झाले. सात जणांचं काय, तो प्रश्न शंकासुरांच्या हवाली करतो.

शंकासुर

स्वीकारला. सात जणांच्या बाजूने मी उभा आहे.

कोकणकन्या

मला वाटतं तुम्ही सगळे उगाच खोलात जाताय. काटा आठवणीने येतो. माझी आई पहाटे चुलीपाशी एक ओवी म्हणायची. तिचा गळा काही फार गोड नव्हता, पण ती ओवी कुठेही ऐकली की माझ्या अंगावर काटा आणि डोळ्यांत पाणी. शेजारणीला त्याच ओवीचं काही वाटत नाही. सांजवेळ, तुमच्या मारव्यालाही काहीतरी चिकटलेलं असणार. शोधा.

सांजवेळ

खरंच काही नाही हो. आमच्या घरी कोणी शास्त्रीय ऐकत नव्हतं. मारवा मला नोकरी लागल्यावर एका सहकाऱ्याने ऐकवला, आणि तो सहकारी काही आठवणीत ठेवण्यासारखा नव्हता.

न्यूरॉन_नाना

कोकणकन्या, तुमचा काटा खरा आहे, पण तो दुसऱ्या दाराने येतो. माँट्रियलच्या लोकांनी हे दार मुद्दाम बंद ठेवलं होतं. लग्न, मृत्यू, आई अशा आठवणींना चिकटलेलं संगीत शक्यतो नको, असं संगीत निवडतानाच बघितलं होतं. तरी शहारे आले. म्हणजे आठवण पुरेशी असेल, पण गरजेची नाही.

तुम्ही डोळ्यांतलं पाणी म्हणालात ते महत्त्वाचं. जॉन स्लोबोडा यांनी १९९१ साली ८३ जणांना विचारलं की संगीतातल्या नेमक्या कोणत्या जागी तुम्हाला काय होतं, आणि मग त्या जागा स्वरलिपीत तपासल्या. पाणी येण्याच्या जागा आणि शहाऱ्याच्या जागा बऱ्याचदा वेगळ्या निघाल्या. पाणी येतं तिथे सूर वरच्या किंवा खालच्या सुरावर टेकून मग आपल्या जागी उतरतो. शहारा येतो तिथे स्वरसंगती अचानक पालटते.

खर्जातला

नाना, इथे मी थोडा अडून बसतो. ती स्वरसंगती त्यांच्या संगीतातली. आमच्याकडे एका वेळी एकच सूर आणि खाली तंबोरा. पालटायला आहे काय? मारव्यात तर सूरही तेच, आधार तोच. पहिल्या मिनिटाला जो षड्ज तंबोरा बोलत होता तोच षड्ज गवई पंधराव्या मिनिटाला लावतो. नवीन काहीच आलं नाही. जे होतं तेच आलं, फक्त आत्तापर्यंत गळ्याने नाकारलेलं. पश्चिमेचे नियम जसेच्या तसे आपल्यावर बसवायचे तर जपून.

आणि पाण्याबद्दल: सूर टेकून उतरणं म्हणजे आमचा कणस्वर आणि मींडच की. त्याने पाणी येतं हे मान्य. माझ्या गुरुजींच्या समोर बसून मी बघितलंय.

न्यूरॉन_नाना

मान्य. मारव्यावर असा अभ्यास माझ्या वाचनात आलेला नाही, तेव्हा तुमचं निरीक्षण हाच पुरावा धरून चालू. फक्त मूळ प्रश्नाचं एक टोक राहिलंय, ते सांगतो, कारण ते तुमच्या म्हणण्याशी जुळतं.

जमशेद भरूचा म्हणून शास्त्रज्ञ आहेत, मूळचे मुंबईचे. त्यांनी मांडलं की ऐकताना आपल्या आत दोन प्रकारच्या अपेक्षा एकाच वेळी चालू असतात. एक त्या विशिष्ट मुद्रिकेची: "आता इथे षड्ज आहे, मला पाठ आहे." दुसरी त्या भाषेची: आयुष्यभर ऐकलेल्या संगीताने कानाला लावलेली सवय, की कोमल रिषभ आला म्हणजे आता षड्ज येणार. दुसरी आपोआप चालते, पहिली कितीही पक्की झाली तरी बंद पडत नाही. म्हणून ताईंना षड्ज कधी येणार हे माहीत असतं आणि तरीही त्याआधीच्या प्रत्येक रिषभावर कान "आता येईल" म्हणतो आणि फसतो. प्रत्येक वेळी नव्याने फसतो. पाठ असल्याने फसणं टळत नाही.

यातून एक गोष्ट निघते. ज्याच्या कानाला ही भाषाच लागलेली नाही, त्याला तीच जागा सपाट वाटेल.

बे_एरिया_बाबू

सॅन होजेहून वाचतोय. नानांचं शेवटचं वाक्य लागलं. माझ्या कानाला भाषा लागलेली आहे, लहानपणी सहा वर्षं पेटी शिकलो, दर वर्षी इथल्या मंडळाच्या मैफिलीला जातो, गाणं आवडतं. पण काटा? कधीच नाही. बायको शेजारी बसून हात दाखवते, "बघ बघ", आणि माझा हात विमानतळाच्या धावपट्टीसारखा. माझ्या डोक्यात काही कमी आहे का? कुठेतरी संगीताची गोडीच नसलेल्या लोकांबद्दल वाचलं होतं.

न्यूरॉन_नाना

ते लोक वेगळे. बार्सिलोनातल्याच गटाने २०१४ साली त्यांच्याबद्दल लिहिलं. त्यांना पैसे जिंकण्याच्या खेळात इतरांइतकीच मजा येत होती, सूरही नीट ओळखू येत होते, पण संगीताने ना सुख ना घाम ना धडधड. तुम्ही मैफिलीला पदरचे पैसे मोडून जाता. तुमची गोडी शाबूत आहे, फक्त ती कातडीपर्यंत येत नाही. असे पुष्कळ आहेत. काटा येणं हे रसिकतेचं मोजमाप धरू नका, आणि बायकोलाही धरू देऊ नका.

आणि एक. काटा "जाणवणं" आणि काटा "दिसणं" या दोन गोष्टी आहेत. जर्मनीत कील इथे बेनेडेक आणि केर्नबाख यांनी हातावर कॅमेरा लावून, बाजूने तिरपा उजेड टाकून कातडीचे उंचवटे मोजले. लोक "आला, आला" म्हणून सांगत होते तेव्हा पुष्कळदा कातडी हललेलीही नव्हती. आतून शहारा जातो, बाहेर काही नाही. तुम्ही निदान आतला तरी शोधून बघा.

सांजवेळ

मी हे करून बघितलं! पंखा बंद केला (नाहीतर वाऱ्याने येणारा काटाही मोजला जायचा), डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि फोनची बॅटरी मनगटाजवळ आडवी लावली. आडव्या उजेडात प्रत्येक केसाची बारीक सावली पडते, वरून बघितलं तर काहीच कळत नाही.

निकाल असा: षड्ज लागला तेव्हा मानेच्या मागून खांद्यावर सरसर गेली, अगदी स्पष्ट. हातावर काही नाही. मग द्रुत सुरू होण्याच्या जरा आधी, जिथे माझं लक्षही नव्हतं, तिथे हातावर सावल्या उठल्या. उठल्या आणि चहाचा घोट घेईपर्यंत बसल्या. मला जाणवलंच नसतं, बघत होते म्हणून दिसलं. आता मी जास्त गोंधळले आहे.

दुसरं म्हणजे, बॅटरी लावून बघायच्या नादात तीच जागा लागोपाठ मागे नेऊन ऐकली तर तिसऱ्या-चौथ्यांदा मानेवरचंही गेलं. दुसऱ्या दिवशी परत आलं.

खर्जातला

मागे नेऊन कुठून लावलंत? षड्जाच्या जरा आधीपासून?

सांजवेळ

हो, वीसेक सेकंद आधीपासून.

खर्जातला

मग कसा येईल? वीस सेकंदांत मारवा उभाच राहत नाही. षड्जाला किंमत त्याच्या आधीच्या पंधरा मिनिटांनी येते. सगळा विलंबित ऐका आणि मग सांगा. शिष्यांना मी हेच सांगतो, तुकडे पाठ करू नका.

शंकासुर

किंवा लागोपाठ ऐकून कान कंटाळला. दोन कारणं एकत्र बदलली की कोणतं खरं हे कळत नाही. सांजवेळ, एक दिवस सबंध विलंबित एकदाच ऐका, दुसऱ्या दिवशी फक्त ते वीस सेकंद, पण तेही एकदाच. मग बुवा बरोबर की मी, ते ठरेल.

ढोलवाला_पुणे

मी माघार घेणार नाही. 😀 आमच्याकडे काटा कधी येतो माहितीय का? सगळे ढोल थांबतात, एकटा ताशा तर्री घेतो, आणि मग सगळे ढोल एकदम पडतात तेव्हा. अखंड वाजत असताना आवाज तेवढाच असतो, पण तेव्हा नाही येत. थांबल्यावर परत पडतात तेव्हाच.

न्यूरॉन_नाना

अहो, मग तुम्ही आमच्याच बाजूला आलात! आवाज अचानक वाढणं, नवा आवाज आत येणं, या जागी शहारे जास्त येतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, तेव्हा दाबाचा वाटा आहेच. पण ताशा एकटा वाजत असताना बघणारे काय करत असतात? तुमच्या ढोलांची वाट बघत असतात.

ढोलवाला_पुणे

ते काहीही असो, फोनच्या स्पीकरवर ढोल ऐकून कोणाला काटा आला असेल तर दाखवा.

अनामिक_वाचक

इतके दिवस नुसतं वाचतोय, आज लिहितो. मला काटा येतो तो गाणं नसतानाही. फक्त डाव्या हातावर आणि डाव्या पायावर. अर्धं-एक मिनिट राहतो. त्याच्या आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, कधीकधी जळल्याचा वास येतो, घरात दुसऱ्या कोणाला येत नाही. बायको म्हणते तेव्हा मी हाकेला ओ देत नाही. हे पण संवेदनशील असल्यामुळे का?

न्यूरॉन_नाना

नाही. गाण्याचा काटा दोन्ही बाजूंना येतो, त्याला कारण असतं आणि काही सेकंदांत ओसरतो. एकाच बाजूला, कारणाशिवाय, दर वेळी तसाच, वर वास आणि हाकेला ओ न देणं, हे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठणाऱ्या फिटचं लक्षण असू शकतं. दुर्मीळ आहे, पण असतं, आणि त्यावर उपचार आहेत. या आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. बायकोला बरोबर न्या, कारण त्या वेळचं तुम्हाला आठवत नसणार, त्यांनी पाहिलेलं असतं. जमलं तर त्यांना फोनवर चित्रीकरण करायला सांगा. तोवर गाडी चालवू नका. इथे पुढे चर्चा नको.

अनामिक_वाचक

धन्यवाद. वेळ घेतो.

कोकणकन्या

बापरे. काळजी घ्या हो.

नाना, एक राहिलंच. हे सगळं कुठे होतं ते तुम्ही सांगितलंत, पण का होतं? सुराने काटा येऊन माणसाचा काय फायदा?

न्यूरॉन_नाना

त्याला पक्कं उत्तर नाही. याक पँकसेप यांनी १९९५ साली एक कल्पना मांडली. त्यांना करुण संगीतावर शहारे जास्त दिसले. त्यांचं म्हणणं, कळपातून चुकलेलं पिल्लू हाक मारतं तेव्हा आईच्या अंगात गारठा भरतो आणि ती जवळ घ्यायला धावते, एकटा उंच सूर तीच जुनी तार छेडतो. तुमच्या ओवीला हे छान बसतं. पण आनंदाच्या गाण्यानेही काटा येतो, ढोलाने येतो, भाषण ऐकूनही येतो. तिथे पिल्लू कुठून आणायचं? मला ही कल्पना आवडते, पण मी तिच्यावर पैज लावणार नाही.

खर्जातला

आमच्या शास्त्रकारांनी कारण शोधत न बसता नोंद करून ठेवली. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत, त्यांत स्तंभ, स्वेद यांच्या पाठोपाठ रोमांच, आणि पुढे अश्रूही. म्हणजे काटा आणि पाणी वेगळं मोजायला हवं हे तेव्हाच कळलं होतं.

शंकासुर

बुवा, तो रोमांच आधी रंगमंचावरच्या नटाने दाखवायचा, समोरच्या श्रोत्याचा नव्हे. तेवढं सांभाळून.

खर्जातला

नट दाखवतो ते माणसाला होतं म्हणूनच ना? यावर वेगळा धागा काढा, भांडू.

सांजवेळ

शंकासुरांच्या सूचनेप्रमाणे केलं. सबंध विलंबित ऐकलं त्या दिवशी मानेवर आलं. नुसते वीस सेकंद एकदाच ऐकले त्या दिवशीही आलं, पण बारीक, आणि खांद्याच्या खाली उतरलं नाही. तेव्हा बुवा अर्धे जिंकले.

शंकासुर

एका माणसावर, एका मुद्रिकेवर, आणि निकाल काय हवा हे जिला आधीच माहीत आहे तिच्यावर. अर्धासुद्धा देत नाही. बे एरिया बाबूंच्या बायकोवर करून बघा, त्यांना हा धागा न दाखवता.

बे_एरिया_बाबू

तिला मारवा आवडत नाही, म्हणते दिवेलागणीला उगाच उदास वाटतं. भैरवी चालेल का?

खर्जातला

भैरवीत षड्ज कोणी लपवत नाही हो. तिला सोहनी ऐकवा. सूर मारव्याचेच, पण जीव वरच्या षड्जात. तिथे लपवाछपवी नाही, गवई थेट तार षड्जावर जाऊन उभा राहतो. त्याने काटा आला, तर माझंच म्हणणं मला परत तपासावं लागेल.